लोगोला खोली नसते, म्हणून मी त्याचे गुण कापले

प्रतिमांची क्रमवारी लावायच्या कामात माझे पहिले काही महिने एकाच चुकीत गेले. माझा तक्ता असा होता: स्पष्टता, रंग, खोली आणि मांडणी, प्रत्येकी 10 गुण. एका लँडस्केपला 33 मिळाले. ग्रेडियंट, म्हणजे एकमेकांत विरघळत जाणारे रंग, आणि सावल्या असलेल्या एका लोगोला 32, तर दोन सपाट रंगांच्या साध्या लोगोला फक्त 22, कारण खोलीत, म्हणजे जवळ-दूरच्या भासात, त्याला 1 मिळाला होता. लोगोला खोली कशाला हवी, हे तेव्हा मला सुचलंच नाही.

शेजारच्या ताईंनी दोन्ही लोगो 16 बाय 16 पिक्सेलवर आणले. ग्रेडियंटवाल्याचा डाग झाला, साधा मात्र लगेच ओळखू आला. मग दोन्ही नुसत्या काळ्या रंगात आणि गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात पाहिले. ग्रेडियंटवाल्यात सावल्यांनीच वेगळे दिसणारे भाग एकमेकांत मिसळले. लँडस्केपसाठी त्यांनी हिस्टोग्राम, म्हणजे प्रतिमेतल्या गडद-उजळ पिक्सेलचा आलेख, उघडला. तो उजव्या कडेला आदळला होता, म्हणजे आकाशातले ढग नुसते पांढरे झाले होते. 100 टक्क्यांवर पाहिल्यावर खात्री पटली.

यानंतर मी प्रत्येक प्रकाराचे निकष वेगळे केले, आणि खरा सापळा इथेच होता. निकष वेगळे, पण गुणांची बेरीज करून मी पुन्हा एकच यादी लावत होतो. लोगोचे 8 आणि लँडस्केपचे 8 सारखे नसतात. मी लोगोला हात आखडून गुण द्यायचो आणि सूर्यास्त दिसला की सढळ व्हायचो, त्यामुळे यादीत वर लँडस्केपच यायची. तुमच्या यादीत वरच्या जागा एकाच प्रकाराने भरल्या असतील, तर आधी स्वतःच्या गुणांवर शंका घ्या.

आता मी आधी प्रकारातल्या प्रकारात दोन-दोन प्रतिमा समोर ठेवून क्रम लावतो. मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारतो: नेमून दिलेलं काम होतं का? उत्तरं तीनच: होत नाही, अडखळत होतं, नीट होतं. साधा लोगो ‘नीट’मध्ये गेला, लँडस्केप ‘अडखळत’मध्ये, ग्रेडियंटवाला ‘होत नाही’मध्ये. एकाच पायरीवर दोन वेगळे प्रकार आले तर बरोबरी तशीच ठेवा; ती दशांशांनी फोडू नका. घाबरू नका, दोन-तीन फेऱ्यांत हात बसतो.

कुणाचा तरी तयार तक्ता उचलू नका, असं माझं ठाम मत आहे. ‘नजर आपोआप तयार होते’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांचाही मला उपयोग झाला नाही. ताईंनी चाचणी करून दाखवली, तेव्हा कळलं.

आणि प्रकारावरून निकष ठरवू नका, कामावरून ठरवा. तेच लँडस्केप मजकुरामागची पार्श्वभूमी म्हणून मागितलं गेलं, तेव्हा ते ‘नीट’च्या पायरीवर गेलं. तपशील हरवलेलं ते पांढरं आकाशच अक्षरांसाठी हवी असलेली शांत जागा होतं.