सारांशाआधी नावे आणि संज्ञा दुरुस्त करण्याची तयारी: सीमाभागातील ऊस बैठकीच्या ध्वनिमुद्रणावरून

निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात ऊस उत्पादकांच्या बैठका मराठीत सुरू होतात, मध्येच कन्नडमध्ये जातात आणि दराचा विषय निघाला की त्यात इंग्रजी शब्द मिसळतात. अशा दोन तासांच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण यंत्राकडून लिहवून घेता येते आणि त्या मजकुराचा सारांशही यंत्राकडून काढता येतो, पण या दोन कामांच्या मध्ये माणसाने बसून करायची एक तयारी असते. कच्च्या मजकुरातला चुकलेला शब्द निदान विचित्र दिसतो, त्यामुळे वाचणारा तिथे थांबतो. सारांशात मात्र तीच चूक नीटनेटक्या वाक्यात बसते आणि कोणाला शंका येण्याचे कारणच उरत नाही. एका बैठकीचा सारांश मी घाईने पाठवला होता. त्यात ‘एफआयआर चौदा दिवसांत मिळावा अशी मागणी झाली’ असे वाक्य होते. वक्त्याने ‘एफआरपी’, म्हणजे केंद्राने उसासाठी ठरवलेला किमान दर, असे म्हटले होते. चौदा दिवस हा आकडा बरोबर होता, कारण ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. वाक्य इतके सरळ होते की दोन जणांनी वाचूनही ते तसेच पुढे गेले.

पहिले काम यंत्र सुरू करण्यापूर्वीचे आहे. बैठकीला कोण येणार, कोणत्या गावचे, आणि कोणते विषय निघणार, याची एका पानाची नामावली तयार करावी. तिच्यात प्रत्येक नावापुढे ते मराठीत कसे लिहायचे, कन्नड बोलणारा माणूस ते कसे म्हणतो आणि यंत्र ते कसे चुकवू शकेल, असे तीन रकाने ठेवावेत. ‘बाळगोंडा’ आणि ‘बाळगौडा’ ही एकाच माणसाच्या नावाची दोन उच्चारित रूपे असू शकतात किंवा ती दोन वेगळी माणसेही असू शकतात. हे गावच्या माणसालाच माहीत असते, म्हणून ते आधी विचारून ठेवावे. ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘मामा’ ही संबोधने नावे म्हणून राहू देऊ नयेत. एका बैठकीत तीन अण्णा असतात आणि सारांश करणारे यंत्र त्या तिघांचे बोलणे एकाच्या तोंडी घालते. म्हणून प्रत्येक अण्णापुढे गाव किंवा आडनाव जोडून घ्यावे.

गावांच्या नावांबाबत एक निर्णय आधीच करावा लागतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे, तर मराठी माणूस बोलताना बेळगाव म्हणतो. यंत्र कधी हे तर कधी ते लिहिते. आपल्या भागात हा फरक केवळ वर्णलेखनाचा नाही, म्हणून तो यंत्रावर सोडू नये. माझी पद्धत अशी आहे की वक्त्याचे शब्द उद्धृत करताना त्याने उच्चारलेले रूप ठेवायचे आणि सारांशाच्या निवेदनात संस्थेने ठरवलेले एकच रूप वापरायचे. चिकोडी आणि चिक्कोडी यांनाही हाच नियम लावावा.

काही यंत्रांना ही नामावली आधीच देता येते. Whisper या मुक्त प्रणालीत `--initial_prompt` या पर्यायाने शब्द सुचवता येतात. मात्र त्यातले शेवटचे २२४ टोकनच विचारात घेतले जातात, आणि देवनागरी शब्दाचे अनेक तुकडे होत असल्याने त्यात नावे थोडीच मावतात. म्हणून तिथे सगळी यादी न ओतता सर्वांत जोखमीचे शब्द द्यावेत. हुमणी, एफआरपी, को ८६०३२, संकेश्वर अशा शब्दांना पहिला मान द्यावा. ध्वनिमुद्रण लांब असेल तर या सूचनेचा परिणाम सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होतो, त्यामुळे तिच्यामुळे हाताने तपासण्याचे काम संपत नाही.

आता खरी दुरुस्ती. ती सुरू करण्याआधी यंत्राने दिलेल्या मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवून द्यावी आणि तिला हात लावू नये. मग ध्वनिमुद्रण ऐकत संशयास्पद जागा शोधाव्यात. अशा जागा कशा ओळखायच्या हे एका वाक्यावरून सांगतो. २०२४-२५ च्या हंगामातील दरावर बोलताना एक शेतकरी म्हणाले, “सव्वा दहाच्या उताऱ्याला चौतीसशे, ही एफआरपी आहे, पण शहाऐंशी शून्य बत्तीसला हुमणी लागली, टनेज पडलं.” यंत्राने लिहिले, “१०:१५ च्या उताऱ्याला चौतीस से ही एफआयआर आहे पण ८६,०३२ ला हमी लागली टनेज पडलं.” एवढ्याशा वाक्यात पाच चुका आहेत आणि प्रत्येकीचे कारण वेगळे आहे.

‘सव्वा दहा’ हे यंत्राला घड्याळाच्या वेळेसारखे वाटले. इथे ते साखर उताऱ्याचे १०.२५ टक्के आहेत. केंद्राने त्या हंगामासाठी क्विंटलला ३४० रुपये दर याच उताऱ्याशी जोडून जाहीर केला होता, आणि त्याचेच टनाला चौतीसशे होतात. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द आपल्या बोलण्यात क्षणोक्षणी येतात आणि यंत्र ते एकतर गाळते किंवा वेळ समजते. म्हणून आकडा असलेली प्रत्येक जागा, ती बरोबर वाटत असली तरीही, पुन्हा ऐकावी आणि तिच्यापुढे एकक लिहावे. क्विंटल की टन हे वक्त्याने सांगितलेले नसते, ऐकणाऱ्याला ते कळलेले असते. सारांश करणाऱ्या यंत्राला मात्र ते कळत नाही आणि ३४० व ३४०० हे त्याला दोन वेगळे दर वाटतात.

‘८६,०३२’ ही चूक सर्वांत फसवी आहे, कारण स्वल्पविराम पडला की ती रक्कम होते. ही खरे तर उसाची जात आहे, कोइमतूरची को ८६०३२. ‘दोनशे पासष्ट’ हेही असेच. ती फुले २६५ ही जात असू शकते किंवा टनामागे दोनशे पासष्ट रुपये असू शकतात. वाक्यात ‘लावला’, ‘बियाणे’, ‘फुटवे’ हे शब्द असतील तर जात समजावी, ‘मिळाले’, ‘थकले’, ‘कापले’ असतील तर पैसे, आणि जातीच्या आकड्याआधी ‘ऊस जात’ हे दोन शब्द चौकटी कंसात घालून ठेवावेत.

‘हमी लागली’ ही चूक मराठी वाचकाला लगेच दिसते, कारण हमी लागत नाही, दिली जाते. पण हीच दुरुस्ती संगणकावर सरसकट केली तर नवी चूक तयार होते. ‘हमी’ शोधून सगळीकडे ‘हुमणी’ केले की पुढच्या पानावरचा ‘हमीभाव’ ‘हुमणीभाव’ होतो. म्हणून एक एक जागा पाहूनच बदलावे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्दाचे रूपही बदलते, हेही लक्षात ठेवावे. ‘खानापूर’ शोधले तर ‘खानापुरात’ सापडत नाही, कारण ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. तिथे ‘खानाप’ एवढाच भाग शोधावा. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी शोधात एक सापडतो, दुसरा निसटतो. दोन्ही रूपे शोधाच्या चौकटीत एक एक करून चिकटवून शोधली की हा प्रश्न मिटतो.

कन्नड शब्दांची दुरुस्ती यापेक्षा निराळी आहे. यंत्राला भाषा मराठी सांगितलेली असेल तर ते कन्नड ऐकूनही मराठीसारखे काहीतरी लिहिते. हुमणीला कन्नडमध्ये ‘गोण्णे हुळू’ म्हणतात. एका मजकुरात त्याचे ‘गुणे होऊ’ झाले होते आणि ती जागा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. अशा ठिकाणी आधी खरा कन्नड शब्द देवनागरीत लिहावा आणि त्यापुढे मराठी संज्ञा कंसात द्यावी. नाहीतर सारांशात हुमणी आणि गोण्णे हुळू या दोन वेगळ्या किडी म्हणून नोंदवल्या जातील. कन्नड न येणाऱ्याने हा भाग अंदाजाने भरू नये. कन्नड बोलणाऱ्या सभासदाला ती तीस-चाळीस सेकंदे ऐकवून विचारावे.

आणि आता ज्या शब्दात यंत्राची काहीच चूक नसते तो शब्द. ‘उतारा’ हे यंत्राने बरोबर लिहिले होते. पण आपल्या भागात उतारा म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, उतारा म्हणजे एकरी उत्पन्न, आणि उतारा म्हणजे तलाठ्याकडून मिळणारा जमिनीचा कागदही. कन्नडमधला ‘इळुवरी’ हा शब्दही उत्पन्न आणि साखरेचे प्रमाण या दोन्हींसाठी येतो. ‘उतारा कमी दाखवला’ या तक्रारीचा सारांश ‘जमिनीची नोंद कमी दाखवली’ असा निघाला तर तक्रारीचा मुद्दाच नाहीसा होतो. म्हणून या शब्दाच्या प्रत्येक जागी साखर उतारा, एकरी उतारा किंवा जमिनीचा उतारा असे पूर्ण लिहावे. ‘काटा’ या शब्दालाही वजनकाटा असे करून घ्यावे.

एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. यंत्राने चुकीचे ऐकलेले दुरुस्त करायचे, वक्त्याने चुकीचे सांगितलेले नाही. कोणी बोलताना चौदाऐवजी एकवीस दिवस म्हणाले असेल आणि ध्वनिमुद्रणात एकवीसच ऐकू येत असेल, तर मजकुरात एकवीस ठेवावे आणि शेजारी ‘नियमात चौदा’ अशी टीप द्यावी. नियम माहीत आहे म्हणून आकडा बदलला, तर त्या माणसाचे म्हणणे आपण बदलले असे होते.

जिथे दोनदा ऐकूनही कळत नाही, दोन माणसे एकदम बोलत आहेत किंवा जनरेटरचा आवाज आहे, तिथे काहीही न भरता वेळेसह खूण करावी आणि सारांश करताना खुणेच्या जागेवरून निष्कर्ष काढू नये, असे स्पष्ट लिहून द्यावे. शांततेच्या जागी यंत्राने स्वतःहून लिहिलेली वाक्ये, विशेषतः आभाराची किंवा पुन्हा पुन्हा येणारी, सरळ काढून टाकावीत. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची एक ओळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. माझ्या नोंदी अशा दिसतात:

```
00:41:20 | हमी    | हुमणी      | ऐकून पक्के
00:41:26 | 86,032 | को 86032   | ऊस जात, विचारून पक्के
00:52:10 | ---    | [अस्पष्ट]  | दोघे एकदम बोलले
```

‘विचारून पक्के’ आणि ‘ऐकून पक्के’ हा फरक मी मुद्दाम ठेवतो, कारण पुढे वाद झाला तर ऐकून पक्के असलेल्या जागा पुन्हा ऐकता येतात आणि विचारून पक्के असलेल्या जागांसाठी कोणाला विचारले ते सांगावे लागते. ही फाइल पुढच्या बैठकीच्या नामावलीत मिसळून घ्यावी. सारांशासाठी मजकूर पाठवण्याच्या आदल्या दिवशी बैठकीला हजर असलेल्या एकाला केवळ नावे, आकडे आणि उतारा हा शब्द असलेल्या ओळी वाचून दाखवाव्यात. दोन तासांच्या बैठकीसाठी हे वाचून दाखवण्याचे काम साधारण अर्ध्या तासात होते.