ताबापत्रात ७६० फूट, करारात ५२०: जादा पैसे असे कमी केले

दारव्ह्यात घेतलेल्या फ्लॅटचं ताबापत्र आलं. त्यात सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, बाल्कनी आणि जिना-लॉबीचा वाटा धरून, ७६० चौरस फूट होतं, आणि त्यावर फुटाला ९० रुपये 'विकास शुल्क', म्हणजे ६८,४०० रुपये. वर्षभराचा मेंटेनन्सही ७६० वरच लावलेला, फुटाला महिना २ रुपयांनी १८,२४०.

नोंदणीकृत करारात मात्र फक्त कार्पेट होतं, ५२० फूट. रेरा कायद्यात व्याख्या याचीच आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी सोडायची. लहान भावाला टेप धरायला लावून खोल्या मोजल्या, आतल्या भिंतींची जाडी मिळवली. ५२० बरोबर भरलं. म्हणजे जागा पुरेपूर होती, खोट फक्त हिशेबात होती.

बिल्डरच्या ऑफिसातले म्हणाले, "भाऊ, सगळ्यांनीच भरले." मी करारातलं शुल्काचं पान समोर ठेवलं. विकास शुल्काचा उल्लेखच नव्हता, आणि मेंटेनन्स कार्पेटवर लिहिलेला. तोंडी वाद घातला नाही. दोन्ही रकमांवर लेखी हरकत दिली, पोच घेतली. प्रकल्प महारेरात नोंदलेला असल्याने तिथे तक्रार करीन, हेही लिहिलं.

सुधारित पत्रात विकास शुल्क गेलं, मेंटेनन्स १२,४८० झाला. सही त्यानंतरच केली.