गेलेल्या माणसाचं जीमेल : अर्ज करण्याआधीची तयारी

आमचे काका गेले तेव्हा बाराव्याच्या आतच चुलतभावाने त्यांचं सिम बंद केलं. आता रिचार्ज कोणासाठी करायचा, एवढाच त्याचा विचार होता. दोन महिन्यांनी काकूंना काकांच्या मेलमधले कागद हवे झाले, तेव्हा या घाईची किंमत कळली. म्हणून तयारीतलं पहिलं काम हे धरा : सहा महिने ते सिम चालू ठेवा. बँकेचे, विम्याचे मेसेज त्यावर येत राहतात आणि कुठे कुठे खाती होती याचा माग त्यातूनच लागतो. बंद केलेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. फोन आणि लॅपटॉप आहेत तसे जपून ठेवा, रीसेट करून नातवाला देऊ नका. आणि पासवर्डचे अंदाज लावत बसू नका. बऱ्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं अडकतं. शिवाय गेलेल्या माणसाच्या नावाने लॉगिन करणं बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही. त्यांच्या नेटबँकिंगला तर हातही लावू नका. पुढे वारसांमध्ये वाद झाला तर तेच अंगाशी येतं.

दुसरं काम कागद-पेन घेऊन करायचं. मेलमधून नेमकं काय हवंय ते लिहून काढा. काकूंच्या यादीत चार गोष्टी होत्या : म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं, विम्याच्या पॉलिसी, आयकराचं रिटर्न आणि काका लिहीत असलेला गावचा इतिहास. यातल्या पहिल्या तिन्हींसाठी मेल उघडावा लागतच नाही. मृत्यूचा दाखला आणि पॅन घेऊन फंडाच्या किंवा फंडाच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीच्या कार्यालयात गेलं की गुंतवणूक नॉमिनीच्या नावे करण्याचा, म्हणजे ट्रान्समिशनचा अर्ज देता येतो. विम्याचा दावा शाखेत होतो. आयकराच्या पोर्टलवर वारस स्वतःच्या लॉगिनमधून कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करतो आणि मृताचं रिटर्न भरतो. लोक महिनोन् महिने मेलच्या मागे लागतात आणि नॉमिनीचा अर्ज तसाच राहून जातो, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

उरलं हस्तलिखित. इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक मेलला दुसरं टोक असतं. काकांनी प्रकरणं कोणाकोणाला पाठवली असतील, याचा आम्ही विचार केला. धाकट्या आत्याकडे सात प्रकरणं निघाली. तालुक्याच्या गावातल्या छापखानेवाल्यांच्या इनबॉक्समध्ये शेवटचा खर्डा अटॅचमेंटसह होता. कंपनीकडे काही मागण्याआधी हा फेरा जरूर मारा. ज्याला पत्र आलं ते त्याचंच, त्याने ते दाखवलं तर कोणाची हरकत असायचं कारण नाही.

एवढं करूनही काही उरलंच तर अर्जाची तयारी करा. गूगलच्या मदत विभागात मृत व्यक्तीच्या खात्यासंबंधी विनंतीचा फॉर्म आहे. त्यात खातं बंद करणं, खात्यात अडकलेले पैसे आणि खात्यातला मजकूर, अशा वेगवेगळ्या मागण्या निवडता येतात. पासवर्ड मागू नका. तो कोणालाही देत नाही, हे गूगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. मजकूर मात्र काही परिस्थितींत मिळू शकतो, तोही प्रत्येक प्रकरण तपासून. आधी मजकूर मागा, त्याचं उत्तर येऊ द्या आणि मगच बंद करण्याचा अर्ज द्या. बंद केलेल्या खात्यातून नंतर काही निघेल अशी आशा धरता येत नाही.

फॉर्मसाठी जवळ ठेवायचं ते असं : मृताचं पूर्ण नाव, नेमका मेल पत्ता, मृत्यूची तारीख, अर्जदाराचं सरकारी ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला. दाखला हातात आला की नावाचं स्पेलिंग लगेच तपासा. काकांच्या दाखल्यावर पूर्ण नाव होतं आणि मेल खात्यावर घरचं नाव, नुसतं ‘आप्पा’. अशा वेळी तो मेल पत्ता छापलेलं बँकेचं किंवा फंडाचं जुनं पत्र जोडावं, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे दिसतं. एखादा कागद नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ते नोटराइज करून घ्या. वारस दाखला असेल तर तोही जोडा, पण तो दाखवला म्हणजे मजकूर मिळालाच, असं समजू नका. गूगल पुढच्या टप्प्यावर अमेरिकी न्यायालयाचा आदेश मागू शकतं आणि साताऱ्यात बसलेल्या कुटुंबाला तो खर्च झेपणारा नाही. म्हणून मागणी मर्यादित ठेवा. ‘सगळा मेल द्या’ असं लिहू नका. कोणत्या काळातलं, कशासाठी हवं, ते दोन ओळींत लिहा. कंपनीपुढे मृताचा खासगीपणाही असतो, आणि मला तो आग्रह रास्त वाटतो. काकांना पत्रं लिहिणाऱ्यांनी ती काकूंसाठी लिहिली नव्हती.

हे सगळं करायला मुदत आहे. दोन वर्षं वापर नसलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. आउटलुकचा मेलबॉक्स तर वर्षभर न वापरल्यास रिकामा होऊ शकतो आणि मजकुरासाठी मायक्रोसॉफ्ट न्यायालयीन आदेशच मागतं. याहूच्या अटींनुसार खातं वारसाकडे जात नाही. इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या वडिलांना 2005 साली याहूकडून मुलाचे मेल मिळाले, पण मिशिगनच्या न्यायालयाचा आदेश आणल्यावरच. ऑफिसचा मेल पत्ता असेल तर त्याचा मालक ऑफिस, विनंतीही तिथेच करायची.

शेवटचं काम जिवंत माणसांचं आहे, आणि दहा मिनिटांचं. घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसा, त्यांच्याच फोनवर myaccount.google.com/inactive उघडा. किती महिने वापर नसला की खातं निष्क्रिय समजायचं ते ठरवता येतं : 3, 6, 12 किंवा 18. मग खातं निष्क्रिय झाल्यावर कळवायला जास्तीत जास्त 10 जणांची नावं देता येतात आणि कोणाला काय मिळावं तेही वेगवेगळं निवडता येतं. मुदत संपण्याआधी गूगल खातेदाराला सूचना पाठवतं, त्यामुळे माणूस नुसता आजारी असेल तर खातं चुकून खुलं होत नाही. कळवल्यानंतर त्या व्यक्तीला डाउनलोडसाठी 3 महिने मिळतात. मेल .mbox फाइलमध्ये येतो, तो थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडतो. ज्यांना नेमलंय त्यांना आजच सांगून ठेवा, नाहीतर ती सूचना फसवणुकीची समजून ते डिलीट करतील. आयफोनवाल्यांनी लेगसी काँटॅक्ट, म्हणजे आपल्यामागे खातं पाहू शकणारा माणूस, नेमून त्याची ॲक्सेस की छापून ठेवावी. पुढे मृत्यूच्या दाखल्याबरोबर तीही लागते.

काकूंनी हे गेल्या महिन्यात केलं. 6 महिने ठेवले, मुलीला फक्त फोटो दिले आणि मेलच्या चौकटीवरची खूण स्वतःच्या हाताने काढली. ‘पत्रं माझ्याबरोबर जाऊ दे,’ म्हणाल्या, आणि शेवटी खातं पुसून टाकण्याचा पर्यायही सुरू केला.