लाल मिरची, हिरवी मिरची: रंगांधळ्या खेळाडूलाही खेळता येईल असा गेम कसा करावा

समजा, भोकरदन-सिल्लोड भागातल्या मिरचीवर एक साधा गेम करताय. पट्ट्यावरून मिरच्या सरकत येतात. पिकलेली लाल एका क्रेटमध्ये टाकायची, हिरवी दुसऱ्यात. इंजिन, चित्रं आणि कोड तुम्हाला जमतात, हे धरून चालतो.

तीन गोष्टी बघू: रंग, कंट्रोल आणि सबटायटल. आधी रंग. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण सल्ले भरपूर मिळतात आणि बरेचसे चुकीचे असतात. त्यातला पहिला म्हणजे "शेवटी रंगांधळ्यांसाठी एक फिल्टर टाकून द्या." हे करू नका. फिल्टर माती, आभाळ, बटणं सगळ्यांचेच रंग सरकवतो आणि मिरचीची अडचण तशीच राहते. त्यातही काही तयार फिल्टर हे रंगांधळ्या माणसाला जग कसं दिसतं ते डोळसांना दाखवण्यासाठी केलेले असतात. तोच खेळाडूसाठी चालू केला, तर त्याला दिसणारा थोडाफार फरकही पुसला जातो.

लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या माणसाला गडद आणि फिकट यातला फरक मात्र चांगला कळतो. म्हणून रंग बदलण्याआधी उजळपणा बदला. नेहमीच्या वापरातला लाल `#D32F2F` आणि हिरवा `#388E3C` घ्या. आपल्याला हे दोन्ही एकदम वेगळे वाटतात, पण त्यांचा कॉन्ट्रास्ट काढला तर जेमतेम 1.2 भरतो. म्हणजे ते जवळपास सारखेच उजळ आहेत. आता लाल गडद करून `#7F0000` करा आणि हिरवा पोपटीकडे नेऊन `#AED581` करा. कॉन्ट्रास्ट साडेसहाच्या वर जातो. चित्रांसाठी 3 च्या खाली जाऊ नये, असा वेबच्या सुगम्यतेचा मान्य निकष आहे. गेममध्येही तोच पाळावा.

गडद लालच करायचा, हिरवा नाही. काही रंगांधळ्यांना लाल मुळातच काळपट दिसतो. तुम्ही लाल फिकट आणि हिरवा गडद ठेवलात, तर त्यांच्या डोळ्यांत लाल खाली उतरतो आणि तुम्ही कमावलेला फरक घटतो. उलट जोडी घेतली तर तो वाढतो.

एवढ्यावर थांबू नका, आकारही वेगळा द्या. पिकलेली मिरची वाकडी आणि सुरकुतलेली, हिरवी सरळ आणि लांब देठाची. आकार अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रातही कळला पाहिजे; बारीक ठिपके मोबाईलवर हरवतात.

तपासायला सोपं आहे. स्क्रीनशॉट करडा करा आणि गेम माहीत नसलेल्या माणसाला मिरच्या वेगळ्या करायला सांगा. तो अडखळला तर काम अपुरं आहे. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये रंगांधळेपणाची नक्कल करणारी सोयही आहे, पण ती अंदाजच दाखवते. शेवटचा शब्द खरोखर रंगांधळ्या खेळाडूचाच. शिवाय मे महिन्यात दुपारी बाहेर उन्हात मोबाईल धरून बघा. तिथे प्रत्येकालाच रंग कमी आणि उजळपणा जास्त कळतो.

आता कंट्रोल. कोडमध्ये कळ लिहू नका, कृती लिहा: "उचल", "टाक", "थांब". कोणती कळ कोणत्या कृतीला, हे सेटिंग फाइलमध्ये राहू द्या. एकच कळ दोन कृतींना दिली गेली तर खेळाडूला लगेच सांगा, आणि मेनूतून बाहेर पडायची कळ कधीच हरवू देऊ नका. दाबून धरायची प्रत्येक कृती एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद अशीही करता आली पाहिजे.

मराठी खेळाडूंसाठी एक जागा हमखास फसते. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर W दाबल्यावर अक्षर w येतच नाही, ऐकाराची मात्रा येते. म्हणून अक्षर वाचू नका, कळीची जागा वाचा. ब्राउझरमधल्या गेमसाठी:

```
if (e.key === "w") up();      // इनस्क्रिप्टमध्ये चालत नाही
if (e.code === "KeyW") up();  // कायम चालतं
```

खेळाडूने बदललेल्या कळाही याच पद्धतीने साठवा.

सबटायटल सोपे, पण देवनागरीची काळजी घ्या. 1080 उंचीच्या पडद्यावर अक्षर 46 पिक्सेलच्या खाली नको, एका वेळी दोनच ओळी, मागे गडद पट्टी, आणि कोण बोलतंय त्याचं नाव. बोलणारा ओळखायला नुसता रंग वापरू नका. आकार आणि पट्टीचा गडदपणा खेळाडूला बदलता यावा. वर मात्रा आणि खाली उकार असल्याने इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर चढतो.

फॉन्ट निवडण्याआधी इंजिनमध्ये "विद्यार्थी" हा शब्द टाका. ऱ्हस्व वेलांटी "व" च्या उजवीकडे गेली, किंवा "र्थी" मधला रफार सुटा पडला, तर दोष बहुतेक वेळा फॉन्टचा नसून इंजिनच्या अक्षरजुळणीचा असतो. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये हे नेहमी दिसतं. गोडो 4 मध्ये जुळणी बरोबर होते, गोडो 3 मध्ये होत नव्हती. ती दुरुस्त होईपर्यंत सबटायटलचं बाकी काहीच सजवत बसू नका.