आजीसाठी लिहिलेली झोपेची चिठ्ठी

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मला आठवडाभर बेंगळुरूला जायचं होतं, आणि नवऱ्याच्या नेमक्या त्याच आठवड्यात रात्रपाळ्या होत्या. म्हणून साडेनऊ महिन्यांची चिऊ साताऱ्याला माझ्या आईकडे राहिली. खाण्यापिण्याचं आईला सांगायची गरज नव्हती. तिने दोन मुलं वाढवली आहेत. पण झोपेचं मात्र लिहून द्यावं लागतं, कारण प्रत्येक बाळाचं गणित निराळं असतं आणि ते दर दोन महिन्यांनी बदलतं. पहिल्यांदाच बाळ आजीकडे ठेवणाऱ्यांसाठी त्या चिठ्ठीतलं कामाचं तेवढं इथे देते.

चिठ्ठीत ‘नऊला झोपव, एकला झोपव’ असं लिहू नका. बाळ पहाटे साडेपाचला उठलं की ते वेळापत्रक कोलमडतं. त्याऐवजी दोन झोपांमधलं अंतर लिहा. आम्ही लिहिलं होतं: ‘आई, चिऊ उठल्यापासून साधारण पावणेतीन तासांनी पहिली झोप, त्यानंतर तीन तासांनी दुसरी, आणि दुसरीतून उठली की साडेतीन तासांनी रात्रीची. घड्याळाआधी तिच्याकडे बघ. खेळता खेळता हसणं थांबतं, पंख्याकडे एकटक बघते, डावा कान ओढते. तेव्हा लगेच खोलीत ने. ही वेळ निघून गेली की ती अंग ताठ करून रडते आणि उलट जास्तच उड्या मारते. झोप आली नाही असं वाटतं, पण ती झोप चुकल्याची खूण आहे.’

खरी गडबड होते ती झोप अर्धवट मोडली की. म्हणून एक उदाहरणच लिहून दिलं. समजा साडेसहाला उठली, सव्वानऊला झोपली आणि तासाभराऐवजी पस्तीस मिनिटांत उठली. तर आधी दहा मिनिटं अंधारातच थोपटून बघायचं. नाहीच झोपली तर पुढचं अंतर तीन तासांऐवजी अडीच धरायचं, म्हणजे दुपारची झोप साडेबाराच्या आसपास येते. तीही तासाभरात आटोपली तर रात्रीपर्यंतचा पल्ला फार लांबतो. मग चारच्या सुमाराला बाबागाडीत वीसेक मिनिटांची डुलकी चालेल, पण पाचच्या आत उठवायचं, नाहीतर रात्री नऊपर्यंत डोळे टक्क उघडे. डुलकीही झाली नाही तर आठऐवजी सव्वासातलाच झोपवायचं. ‘दिवसा कमी झोपली म्हणजे रात्री गाढ झोपेल’ हे आईचं ठाम मत. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. दमलेली चिऊ रात्री जास्त वेळा उठते.

रात्रीचा क्रम मात्र रोज तोच ठेवायला सांगितला: पेज किंवा खिमट, कोमट पाण्याने अंघोळ, हलकं मालिश, दिवा मंद, दूध, दात पुसणं आणि मग अंगाई. दूध आणि झोप यांच्यात थोडं अंतर हवं. नाहीतर बाटली तोंडात असतानाच डोळा लागतो, आणि तिचे दोन दात आले आहेत.

एका बाबतीत वाद होणार हे आधीच ठाऊक होतं. आईने झोळी बांधायची आणि मोहरीची उशी शिवायची तयारी केली होती. नुसतं ‘नको’ लिहिलं असतं तर ती रुसली असती, म्हणून कारण लिहिलं: ‘झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. शिवाय ती आता धरून उभी राहते. मांडी, थोपटणं, ओव्या सगळं तुझं. पण झोपली की तिच्या कॉटमध्ये, घट्ट सपाट गादीवर, पाठीवर ठेव. स्वतःहून पालथी झाली तर असू दे. उशी, गोधडी, खेळणी आत काही नको. थंडी वाटली तर अंगात एक झबलं जास्त घाल. हात गार लागले तरी घाबरू नकोस, मानेमागे हात लावून बघ. ती जागा ऊबदार असली की पुरे.’ उशी कपाटातच राहिली.

रात्रीच्या रडण्याबद्दल एवढंच लिहिलं: कुरकुर ऐकून लगेच उचलू नकोस, दोन-तीन मिनिटं थांब. बरेचदा ती झोपेतच आवाज करते आणि उचलल्यामुळे खरंच जागी होते. रडणं चढत गेलं तर जवळ घे. ताप असेल तर ही सगळी अंतरं विसर, हवं तेव्हा झोपू दे, डॉक्टरांना दाखव आणि आम्हाला कधीही फोन कर.

आणि व्हिडिओ कॉल सकाळच्या नाश्त्यानंतरच. संध्याकाळी सहानंतर आमचा चेहरा स्क्रीनवर दिसला की ती दाराकडे बघत बसते, आणि मग अंगाईचा काही उपयोग होत नाही.