विरजण म्हातारं झालंय म्हणून टाकून देताय? आधी या चुका टाळा

आमच्या सांगलीत हिवाळा लागला की ओळखीच्या बायकांचा एकच प्रश्न सुरू होतो, "अगं माझं विरजण बिघडलंय, तुझं थोडं देतेस का?" मी देते. आणि तीन महिन्यांनी तीच बाई तीच वाटी घेऊन परत दारात. म्हणजे विरजण बदललं, सवय नाही बदलली. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी वाटीबरोबर हे पण पाठवणार.

पहिली गोष्ट, विरजण वयानं म्हातारं होत नाही. दहा वर्षं, वीस वर्षं चालतं. आपण ते ज्या पद्धतीनं पुढे नेतो त्यानं ते हळूहळू बिघडत जातं आणि आपल्याला वाटतं जुनं झालं.

सगळ्यात मोठी चूक: तळाशी उरलेल्या आंबट दह्याचं विरजण

हे घरोघरी चालतं. दही खाल्लं, कोशिंबीर झाली, ताक झालं, आणि चौथ्या दिवशी पातेल्याच्या तळाला जे पाणी सुटलेलं आंबटढाण उरलं त्याचंच विरजण. चांगलं ते खायचं आणि उरलंसुरलं विरजणाला. कारण काय, तर वाया जाऊ नये.

यात होतं काय बघा. घरच्या विरजणात एकच जंतू नसतो, ढोबळ मानानं दोन जातीची मंडळी असतात. एक गोलसर, ती सुरुवातीला जोरात काम करतात, दूध पटकन जमवतात आणि ताज्या दह्याचा तो गोडसर लोण्यासारखा वास बराचसा त्यांच्यामुळे येतो. दुसरी लांबट काडीसारखी, ती सावकाश उठतात पण आंबटपणा भरपूर सोसतात. दही लागून आंबट व्हायला लागलं की गोल मंडळी आधी थांबतात, मग मरायला लागतात, आणि लांबट मंडळी तशीच पुढे आंबवत बसतात. चार दिवसांच्या दह्यात गोलवाली थोडीच जिवंत उरलेली असतात. आता त्यातलाच चमचा तुम्ही नव्या दुधात घातला, तर सुरुवातीलाच प्रमाण बिघडलेलं. परत चार दिवस ठेवून परत तळाचं घातलं, अजून बिघडलं. वीस-पंचवीस वेळा असं झालं की दही उशिरा लागतं, लागलं की लगेच आंबट, वरून पाणी, आणि चव म्हणाल तर नुसता आंबटपणा, वास काहीच नाही.

म्हणून माझी सवय सांगते. दही लागलं, ताटली हलवल्यावर कवडीसारखं थरथरलं पण पाणी सुटलं नाही, की कुणी हात लावायच्या आधी मधलं दोन चमचे काढून झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत भरते आणि डबी फ्रीजमध्ये मागे ढकलते. ते उद्याचं विरजण. नवरा म्हणतो देवाचा नैवेद्य काढल्यासारखं करतेस. करते. साय काढत नाही, कडेचं काढत नाही, वरचं पाणी तर नाहीच. आणि ती डबी पाच-सहा दिवसांत वापरतेच, फ्रीजमध्ये जंतू झोपतात पण आंबटात पडून पडून हळूहळू कमी होत जातात.

माझं स्वतःचं कसं बिघडलं

आता लय शहाणपणा सांगतेय म्हणून आपली पण फजिती सांगते. माझं विरजण सासूबाईंकडचं, त्यांनी ते कोरेगावच्या माहेराहून आणलेलं, म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. एका नोव्हेंबरात दही लागेना. रात्री नऊला लावलं तर सकाळी दूधच, दुपारी कधीतरी जमायचं आणि चमचा उचलला की तार सुटायची, वर बोटभर पाणी. मी म्हशीचं रतिबाचं दूध घेते. दोष कुणाचा? गवळ्याचा! मी त्याला दारातच ऐकवलं की पाणी घालता, वर काहीतरी पावडर मिसळता. तो म्हणाला, "वहिनी, दूध तेच हाय, तुमचं इरजण बघा की." मला राग आला, मी रतीब बंद केला आणि पिशवीचं दूध सुरू केलं. त्यातही दही तसंच. मग लाजले, पण तोपर्यंत जास्त हुशारी करून बसले होते: एक चमचा पुरत नाही म्हणून लिटरला चार-चार चमचे विरजण घालत होते.

ही दुसरी चूक, आणि नवशिक्यांची सगळ्यात लाडकी. जोर कमी झालाय तर जास्त घाला! अहो बिघडलेलं प्रमाण चौपट घातलं तर चौपट बिघडलेलंच जाणार, वर त्या दह्यातला आंबटपणा पण दुधात आयता येतो. दूध लवकर फाटल्यासारखं जमतं, त्याला लागलेलं दही म्हणत नाहीत. लिटरला चहाचे दोन चमचे विरजण पुरतं. पुरत नसेल तर विरजणावर उपाय करा, चमचा वाढवू नका.

शेवटी गपगुमान रतीब परत सुरू केला, शेजारच्या काकूंकडून वाटीभर दही आणलं आणि एका रविवारी तीन वाट्या मांडल्या. तिन्हीत अर्धा-अर्धा कप उकळून कोमट केलेलं दूध आणि पाव-पाव चमचा विरजण. पहिलीत गवळ्याचं दूध आणि माझं विरजण, दुसरीत गवळ्याचंच दूध पण काकूंचं विरजण, तिसरीत पिशवीचं दूध आणि माझं विरजण. सकाळी आठला लावल्या. दुपारी दोनला दुसरी वाटी मस्त लागलेली, पहिली आणि तिसरी अजून दूधच. साडेपाचच्या सुमारास त्या दोन्ही जमल्या, पाणचट आणि तार सुटणाऱ्या. म्हणजे दूध निर्दोष, माझं विरजण दोषी. गवळी बरोबर होता.

हे उलटं पण निघू शकतं. पहिली-दुसरी दोन्ही लागल्या नाहीत आणि पिशवीची लागली तर दुधात घोळ आहे. त्यातलं एक कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं: म्हशीला कासदाह झाला आणि अँटिबायोटिक दिलं की पुढचे काही दिवस त्याचा अंश दुधात उतरतो, आणि तो दह्याच्या जंतूंना मारतो. दूध उकळून तो सगळा जात नाही. गवळ्याला नीट, भांडण न करता विचारा, औषध चालू आहे का.

ताजं करायचं कसं

माझ्या विरजणाला दुर्गंध नव्हता, रंग बदललेला नव्हता, म्हणून मी टाकलं नाही. तीन फेऱ्या केल्या.

पावशेरापेक्षा कमी, म्हणजे साधारण 200 मिली दूध, चांगलं पाच मिनिटं उकळतं ठेवायचं. फक्त वर आलं की गॅस बंद, असं करू नका, दुधातले बाकीचे जंतू मरायला हवेत, आणि नीट उकळलेल्या दुधाचं दही घट्टही लागतं. वाटी आणि चमचा उकळत्या पाण्यातून काढायचा. दूध 40 अंशांपर्यंत येऊ द्यायचं, थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवून सावकाश दहा अंक मोजता आले पाहिजेत. त्यात जुन्या दह्याच्या मधला अर्धा चमचा, नीट ढवळून, वाटी टॉवेलात गुंडाळून बंद डब्यात. आणि इथं अधीर माणसांची परीक्षा, कारण आता दर तासाला बघायचं. हलवून नाही, वाटी नुसती अलगद तिरकी करून. जमलं की त्याच क्षणी फ्रीजमध्ये. आंबट होऊ द्यायचं नाही, सगळं गणित तिथंच आहे: लवकर काढलं तर गोलवाली मंडळी जोमात असताना पुढच्या दुधात जातात, आणि कोमट ऊब असली की तीच पुढे पळतात.

पहिल्या फेरीला नऊ तास लागले आणि दही बेचव होतं, ते कढीत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच अर्धा चमचा, परत ताजं दूध, सात तास, तार कमी झालेली. तिसऱ्या दिवशी सहा तासांत लागलं, आणि वास आला, तो जुना सासूबाईंच्या दह्याचा. मग लिटरभर लावलं.

मधेच कंटाळून पहिल्या फेरीनंतरच मोठं पातेलं लावणारे मला माहीत आहेत. एका फेरीत प्रमाण सुधारत नाही, मग म्हणतात तुझी पद्धत चालत नाही. तिसऱ्या फेरीलाही नऊ-दहा तास लागत असतील तर मात्र सोडा, गोलवाली मंडळी संपलेली आहेत, आणायची कुठून? अशा वेळी कुणी सुचवतं की शेजारचं आणि आपलं अर्धं-अर्धं मिसळ. मिसळा, पण मग ते शेजारचंच झालं, आपलं नाव तेवढं.

लगेच टाकायचं कधी: गुलाबी किंवा केशरी डाग, बुरशी, दह्यात बुडबुडे आणि भेगा, दारूसारखा किंवा पावासारखा वास. वरची बुरशी खरवडून खालचं वापरू नका.

किरकोळ, पण रोजच्या चुका: गरम दुधात विरजण घालून "घाई होती" म्हणणे. ओला किंवा भातातला चमचा डबीत घालणे. ताकातून विरजण घेणे. डिसेंबरात पातेलं उघड्या ओट्यावर ठेवणे.

पाकिटातल्या दह्याचं विरजण केलं तर सुरुवातीला झकास लागतं, पण त्यात निवडक थोड्याच जाती असतात, त्यांच्यातला तोल घरी लवकर ढळतो. घरच्या जुन्या विरजणात अनेक जाती एकत्र नांदतात, एक पडली तर दुसरी सांभाळते. डेअऱ्यांचं काय, त्या बऱ्याचदा दर वेळी नवीन सुकवलेलं कल्चर घालतात, त्यांना पिढ्या चालवायच्याच नसतात. मिरचीची देठं घालून दही लावायचा व्हिडिओ पण दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. जमतं ते, पण देठावर कोणते जंतू आहेत हे नशिबावर, पहिलं दही खायचं नाही, त्यातून दोन-तीन फेऱ्या काढायच्या. म्हणजे मेहनत तेवढीच, मग शेजाऱ्याकडून एक चमचा मागायला काय झालं.

2019 च्या पुरात आमचं घर आठवडाभर बंद होतं, लाईट नाही, फ्रीजमधलं सगळं टाकलं. विरजण परत मिळालं ते कराडच्या नणंदेकडून, कारण तिला मी दिलेलं होतं. तेव्हापासून बर्फाच्या ट्रेमध्ये ताज्या दह्याचे चार खण गोठवून ठेवते आणि दोन-तीन महिन्यांनी बदलते. गोठवलेल्याची पहिली फेरी संथ जाते, दुसरीला सुधारतं.