पीएचडीचा गाईड निवडताना या चुका टाळा

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी एमएस्सी झालेली दोन-चार मुलं पीएचडीसाठी पुण्याला, कोल्हापूरला, हैदराबादला निघतात आणि जाण्याआधी भेटायला येतात. मी विचारते, "गाईडच्या विद्यार्थ्यांशी बोललात का?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. "हो मॅडम, विचारलं. सर चांगले आहेत म्हणाले."

"सर कसे आहेत?" असं विचारणं

सगळ्यात मोठी चूक हीच. लॅबमध्ये बसलेला विद्यार्थी या प्रश्नाला दुसरं उत्तर देऊच शकत नाही. शेजारच्या टेबलावर सीनियर असतो, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याच सरांच्या सहीवर काढायची असतात. मत विचारलं की माणूस सावध होतो. घडलेली गोष्ट विचारली की तो आठवायला लागतो.

म्हणून असं विचारा: "तुम्ही शेवटचा पेपरचा ड्राफ्ट सरांना कधी दिलात? परत कधी आला? त्यावर काय लिहिलं होतं?" दोन-तीन आठवड्यांत लाल शाईनं भरून परत आला असेल, तर तो गाईड कडक असला तरी काम करणारा आहे. "दिलाय, बघतील" असं उत्तर आलं, तर "कधी दिलाय?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार-पाच महिन्यांपूर्वीचं उत्तर आलं, तर तुमच्या थिसिसचंही तेच होणार.

दुसरा प्रश्न आरएसीचा, म्हणजे संशोधन सल्लागार समितीचा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे दर सत्राला विद्यार्थ्यानं या समितीसमोर आपलं काम मांडायचं असतं. "मागची मीटिंग कधी झाली, आणि बाहेरच्या सदस्यांनी काय विचारलं?" असं विचारा. खरी मीटिंग झाली असेल तर एखादा प्रश्न, एखादी टोचणी लक्षात राहिलेली असतेच. फक्त कागद फिरवून सह्या घेतल्या असतील तर समोरचा गोंधळतो. अशा लॅबमध्ये उद्या तुमचं गाईडशी बिनसलं, तर तुमचं काम पाहिलेला दुसरा कुणीही नसेल.

तिसरा प्रश्न सुट्टीचा. "घरी लग्न किंवा आजारपण होतं तेव्हा सुट्टी कशी मागितली? सर काय म्हणाले?" यातून लॅबची हवा जितकी कळते तितकी कशातूनच कळत नाही. एका मुलानं माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं होतं, "बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेलो. आल्यावर सर महिनाभर बोलले नाहीत." आणि लगेच पुढे म्हणाला, "पण तसे चांगले आहेत, सवय होते." हे "सवय होते" ऐकलं की थांबावं.

पैशाचंही मोकळेपणानं विचारा. फेलोशिप शेवटची कधी जमा झाली, तिच्या कागदांवर सही मिळायला किती दिवस लागतात, केमिकल कधी स्वतःच्या खिशातून आणावं लागलं का. सही अडवून कामं करून घेणारे लोक थोडे असतात, पण असतात. पेपर तपासणं, नॅकच्या फायली लावणं, सरांच्या घरची कामं हे सगळं त्याच सहीच्या जोरावर चालतं.

फक्त केबिनमध्ये बसून परत येणं

आपली मुलं सकाळच्या हुतात्मानं पुण्याला जातात, तासभर सरांसमोर बसतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत येतात. मधली पूर्ण दुपार स्टेशनवर किंवा नातेवाइकांकडे जाते. ती दुपार विभागाच्या कँटीनमध्ये घालवा. लॅबमधल्या एखाद्या ताईला किंवा दादाला एकट्याला चहाला न्या. गटात कुणी खरं बोलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवायला लावू नका, लिहिलेलं फिरतं ही भीती सगळ्यांना असते. फोन करा, शक्यतो रात्री नऊनंतर. तेव्हाही तो लॅबमध्येच असेल तर रोज किती वाजता निघतो तेही विचारा.

जे आहेत त्यांनाच विचारणं, गेलेल्यांना शोधणंच नाही

मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक मोठी लॅब, भरपूर पेपर, आमच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांची शिफारस. दुसरी लहान, तीनच विद्यार्थी. मोठ्या लॅबकडे तिचा ओढा होता. मी तिला एक संध्याकाळ बसवून नावं मोजायला लावली.

आधी त्या गाईडचे 2015 पासूनचे पेपर काढले आणि पहिल्या लेखकांची नावं वहीत उतरवली. नऊ निघाली. मग शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, गाईडच्या नावानं शोधलं, पाच थिसिस मिळाले. दोन जण अजून लॅबमध्ये होते. उरले दोन. पेपर आहे, थिसिस नाही, लॅबच्या यादीतही नाव नाही.

यात घाई करू नये. शोधगंगेवर थिसिस उशिरा चढतात, आणि पहिला लेखक कधी पोस्टडॉक किंवा एमएस्सीचा विद्यार्थीही असतो. शोधल्यावर कळलं की दोघांपैकी एक चांगली नोकरी मिळाली म्हणून गेला होता. त्यात काही वावगं नाही. दुसरा चार वर्षांनी सोडून गेला होता आणि आता एका ज्युनियर कॉलेजात शिकवतो. तिनं त्याला फोन केला. "दादा, सोडलंत का?" असं विचारलं नाही. "शेवटच्या पेपरचं काय झालं?" असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ड्राफ्ट सात महिने टेबलावर होता. छापून आला तेव्हा पहिलं नाव दुसऱ्याचं होतं. विचारलं तर म्हणाले, तुझा थिसिस अजून व्हायचाय ना?"

सोडून गेलेला माणूस रागातही बोलू शकतो. म्हणून तिनं सध्या लॅबमध्ये असलेल्या एकीला वेगळा प्रश्न विचारला: पहिलं नाव कुणाचं हे कधी ठरतं? "पाठवायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. एकमेकांशी न बोललेल्या दोघांच्या सांगण्यातून एकच गोष्ट निघाली. शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. ते त्या सरांना परिषदेत भेटत होते, त्यांच्या हाताखाली काम करत नव्हते.

कडकपणालाच धोका समजणं

उलटी चूकही होते. लहान लॅबच्या मॅडमबद्दल तिला तिघांनीही सांगितलं की त्या फार रागावतात, दर सोमवारी आकडे मागतात, नोंदवही अपुरी असेल तर सगळ्यांसमोर विचारतात. ती घाबरली. मी म्हटलं, रागावल्यावर पुढे काय होतं ते विचार. उत्तर आलं, "प्रयोग परत करायला लावतात आणि स्वतः शेजारी उभ्या राहतात." हा राग कामावरचा आहे. माणसाच्या जातीवर, गावावर, इंग्रजीवर, लग्नावर येणारा राग वेगळा. तो एकदा जरी कानावर आला तरी पुरे.

दोन कोरड्या गोष्टी मात्र नक्की तपासा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. यादी भरत आली असेल तर तुमच्या वाट्याला किती वेळ येणार, ते बघा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. चार वर्षं उरली असतील तर नियमात बसतं, पण पीएचडीला पाच लागली तर शेवटी काय, हे सरांनाच विचारा. गाईड नंतर बदलू म्हणून बेफिकीर राहू नका, बहुतेक ठिकाणी जुन्या गाईडचं ना हरकत पत्र मागतात.

तिनं लहान लॅब घेतली. सिनॉप्सिसचा पहिला मसुदा तिनं मॅडमना दिला आणि अकराव्या दिवशी तो परत आला. तिनं मला त्याचा फोटो पाठवला. पहिल्याच पानावर सतरा खुणा होत्या आणि समासात लिहिलं होतं, "हा आकडा कुठून आला? उद्या येऊन दाखव."